‘चोक बंद करा’ म्हणजे नेमके काय?

पाठीवरच्या फवारणी पंपाची अठ्ठेचाळीस पानी मराठी पुस्तिका संपादिकेच्या हाती आली, तेव्हा तिच्यात शुद्धलेखनाची चूक जवळपास नव्हती. घोटाळा वेगळाच होता. पान १२ वर लिहिले होते, ‘थंड इंजिन सुरू करताना चोक बंद करा.’ पान ३१ वर होते, ‘इंजिन तापल्यावर चोक बंद करा.’

दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर होती. पहिले इंजिनिअरने लिहिलेले. त्याच्या लेखी चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाशी बसवलेली पातळ पाती. ती मिटली की हवा कमी आत जाते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि थंड इंजिन पेटते. दुसरे वाक्य सर्व्हिस विभागातल्या माणसाचे. त्याच्या लेखी चोक ही दिव्यासारखी चालू-बंद करायची सोय. शब्द तेच, पण पहिल्या वाक्याने दांडा एका बाजूला जातो आणि दुसऱ्याने उलट बाजूला. पान १२ लक्षात ठेवून कोणी पान ३१ वाचले, तर तापलेल्या इंजिनाची हवा कोंडली जाते, काळा धूर निघतो आणि इंजिन बसते. प्लग काढून पाहावा तर पेट्रोलने ओला.

संपादिकेने ‘बंद’ आणि ‘चालू’ यांपैकी एक शब्द निवडायचा प्रयत्नच सोडला. वाचणाऱ्याला पाती दिसत नाही, दांडा दिसतो. म्हणून सूचना हाताच्या हालचालीची झाली: ‘चोकचा दांडा वर करा’, ‘चोकचा दांडा खाली करा’. ‘बंद करा’ फक्त इंजिनासाठी राखून ठेवले. झाकण ‘लावा’, कॉक ‘फिरवा’. विमानदुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तिकांसाठी युरोपात १९८६ साली आलेल्या नियमावलीचे मूळ सूत्र हेच होते: एका शब्दाला एकच अर्थ. तिथे ‘क्लोज’ हे फक्त क्रियापद. ‘जवळ’ या अर्थाने ते वापरायला मनाई. मराठीत असा तयार कोश हाताशी नसल्याने तिने वहीत दोन रकाने आखले, वापरायचा शब्द आणि टाळायचा शब्द.

त्या वहीतली सगळ्यात महागडी ओळ पेट्रोलची ठरली. पुस्तिकेत कुठे ‘पेट्रोल’, कुठे ‘इंधन’, कुठे ‘तेल’. इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळी ऑइलची टाकी नसते. एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून तेच टाकीत ओतायचे. ‘टाकीत पेट्रोल भरा’ हे वाक्य कोणी शब्दशः पाळले, तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि इंजिन सीझ होते. तेव्हा टाकीत जाते ते ‘इंधन’ असे ठरले, आणि घाईत तिने सगळीकडे ‘पेट्रोल’च्या जागी ‘इंधन’ घालायचा हुकूम कॉम्प्युटरला दिला. संध्याकाळी पान ९ वर वाक्य उभे होते: ‘१ लिटर इंधनात ४० मिली ऑइल मिसळा.’ म्हणजे मिसळलेल्यात पुन्हा मिसळा! त्यानंतर एकेक जागा डोळ्यांनी तपासूनच बदलली.

मराठीत शोधून बदलण्याचे आणखी एक दुखणे आहे. ‘नळी’ शोधली तर ‘नळीत’ सापडते, ‘नळ्या’ निसटतात. ‘झाकण’ काढून ‘टोपी’ घातली, तर ‘झाकण काढावे’चे ‘टोपी काढावे’ होऊन बसते. त्यामुळे ‘करावे, करावी, करावा’ यांची तिने एकदम हकालपट्टी केली. आज्ञार्थाला लिंग चिकटत नाही. झाकण काढा, टोपी काढा, प्लग काढा. ‘काढावे’ अधिक आदराचे वाटते, हा विक्री विभागाचा आक्षेप तिला अगदीच चुकीचा वाटला नाही. पण ‘काढावे’ हा हुकूम की सल्ला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे का? ‘शकता’ हे रूप तिने खरोखरच्या पर्यायासाठीच ठेवले.

शीर्षके त्या मानाने लवकर उरकली. ‘सुरुवात’, ‘इंजिन स्टार्टिंग’, ‘पंप कसा सुरू कराल?’ या तिन्हींखाली एकच कृती होती. कृतीच्या शीर्षकाचा शेवट ‘-णे’ने आणि भागांच्या वर्णनाला नुसते नाम, एवढा नियम पुरला. अनुक्रमणिका उभी वाचताना ‘इंजिन सुरू करणे’ आणि ‘इंजिन’ यांतला फरक लगेच दिसू लागला.

यंत्रावरचे स्टिकर मात्र आधीच छापून आलेले. दांड्याच्या वरच्या टोकाशी त्यावर ‘बंद’ लिहिलेले आहे, इंजिनिअरच्या अर्थाने. नवे स्टिकर पुढच्या खेपेला येणार. तोवर पान १२ वरच्या चित्राखाली तिला एक जास्तीची ओळ घालावी लागली: ‘स्टिकरवरील “बंद” म्हणजे दांडा वर. याने इंजिन बंद होत नाही.’