मधलं शून्य

६ जानेवारी २०२५, सोमवार

पाचवीच्या वह्या घरी आणल्या होत्या. गणित होतं १२२४ ÷ ६. उत्तर २०४ यायला हवं. बऱ्याच वह्यांत ते २४ आलंय. कुणी धसमुसळेपणा केलेला नाही. सहा दुणे बारा, वर २ लिहिला, वजाबाकी शून्य. पुढचा २ खाली घेतला. सहाने दोनाला भाग जात नाही, म्हणून ४ पण खाली घेतला, झाले चोवीस. सहा चोक चोवीस, वर ४, बाकी शून्य. पाढे बरोबर, वजाबाक्या बरोबर, मांडणी सुबक, आणि उत्तर चूक.

फुली मारून पुढे जाता आलं असतं. पण एकच चूक इतक्या वह्यांत आहे, म्हणजे मुलांच्या मनात काहीतरी नियम आहे. तो नियम कळल्याशिवाय तांबडं पेन उघडण्यात अर्थ नाही.

७ जानेवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत एकाला वही घेऊन बोलावलं. ‘चुकलं’ म्हटलं नाही. फक्त म्हटलं, तू काय काय केलंस ते मला सांगत सांगत परत कर. तो न अडखळता म्हणाला, “बाई, सुरुवातीला १ ला भाग गेला नाही, तेव्हा पुढचा २ जोडून बारा घ्यायचे ना? तसंच इथे २ ला गेला नाही, म्हणून ४ जोडला.”

नियम सापडला. भागाकार शिकवताना पहिल्याच पायरीला ‘भाग जात नसेल तर पुढचा अंक घे’ असं सांगतात. मुलाने तो मन लावून पाळला आणि मध्येही लावला. सुरुवातीला या नियमाने काही बिघडत नाही, कारण डावीकडे रिकामं राहिलेलं घर कुणाला दिसत नाही. मध्ये मात्र दशकाचं घरच गायब होतं. यावर बहुतेक शिक्षक ‘दोन अंक एकदम घेतले तर शून्य द्यायचं’ अशी आणखी एक सूचना चिकटवतात. ती दोन दिवस टिकते. मग कुणीतरी शून्य देतं, पण शेवटी, आणि उत्तर येतं २४०.

८ जानेवारी, बुधवार

फळ्यावर दोन गणितं शेजारी शेजारी लिहिली, १२२४ ÷ ६ चीच. एक बरोबर, एक २४ वालं. दुसरं ‘एका दुसऱ्या शाळेतल्या मुलाचं’ म्हणून सांगितलं. आपल्या वर्गातली वही फळ्यावर मांडली की ज्याची असेल तो मान खाली घालून बसतो आणि बाकीचे गणिताऐवजी त्याच्याकडे बघतात. दोन प्रश्न दिले: पहिली चुकलेली पायरी कोणती, आणि त्या मुलाला ती बरोबर का वाटली असेल?

पहिल्या प्रश्नावर वर्ग अडकला. ‘उत्तर चुकलं’ असंच सगळे म्हणत राहिले. मग खोट्या नोटांची पेटी काढली. शंभराच्या बारा, दहाच्या दोन, आणि चार नाणी. सहा जणांना पुढे बोलावलं. शंभराच्या दोन-दोन वाटल्या. दहाच्या दोन नोटा सहा जणांत वाटता येईनात, तेव्हा प्रत्येकाला दहाच्या किती मिळाल्या? “एक पण नाही!” मग त्या दोन मोडून वीस नाणी, आधीची चार, एकूण चोवीस, प्रत्येकी चार. हातात दोन नोटा आणि चार नाणी घेऊन उभी असलेली मुलगी फळ्याकडे बघून म्हणाली, “बाई, माझ्याकडे दोनशे चार आहेत. त्याने चोवीस कसे लिहिले?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कालच्याच मुलाने दिलं. स्वतःची चूक आहे हे त्याला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज भाज्याच्या प्रत्येक अंकावर ह, श, द, ए लिहायला लावलं आणि नियम एकच ठेवला: खाली एक अंक घेतला की वर एक अंक लिहायचा, भाग जावो न जावो. सुरुवातीलासुद्धा. १ हजाराला सहाने भाग जात नाही, वर शून्य. मग १२ शतकं, वर २. मग २ दशकं, वर शून्य. मग २४ एकक, वर ४. उत्तर ०२०४.

एकाने लगेच हरकत घेतली की पुस्तकात असं नसतं. खरंच नसतं. पण ०२०४ आणि २०४ यांची किंमत एकच आहे. पुढचं शून्य पुसलं तरी काही बदलत नाही, मधलं पुसलं की दोनशे चारचे चोवीस होतात. हा फरक मुलांनी स्वतः पुसून पाहिला. पुढचं शून्य महिनाभर राहू दे. नंतर आपोआप गळेल.

ताळ्याचं म्हणाल तर मुलं २४ × ६ = १२२४ असं बिनदिक्कत लिहून मोकळी होतात, गुणाकार करतच नाहीत. त्यापेक्षा आधी अंदाज लिहायला लावणं बरं: बाराशे रुपये सहा जणांत, म्हणजे दोनशेच्या आसपास.

१३ जानेवारी, सोमवार

आज एक मजेदार वही. ९५ ÷ ४, उत्तर ११३, बाकी ३. चारने नवाला एकदा भाग दिला, उरले ५. पाच खाली घेतले, झाले ५५. चार तेरे बावन्न, वर १३, बाकी ३.

उरलेले ५ भाजकापेक्षा मोठे आहेत, तिथेच थांबायला हवं होतं. पण नोटांत बघितलं तर मुलीने वाटणी चोख केली आहे. प्रत्येकाला दहाची एक नोट दिली, उरलेल्या पाच नोटांतून आणखी एकेक देता येत असतानाही सगळ्या मोडल्या, आणि तेरा-तेरा नाणी वाटली. दहा आणि तेरा तेवीस, बाकी तीन. बरोबर! चुकलं ते एककाच्या एका घरात १३ कोंबून शेजारी १ ठेवल्यावर. तिला ‘पूर्ण चूक’ म्हणणं अन्याय होता. वहीवर लिहिलं: दशकाच्या घरात १, एककाच्या घरात १३, आता बेरीज कर.

१७ जानेवारी, शुक्रवार

दोन अंकी भाजक सुरू केला: २०१६ ÷ २८. मुलं २८ ला तीसच्या जवळचा धरतात आणि २०१ ला ६ चा भाग लावतात. १६८ वजा केले की उरतात ३३. इथे ३३ आणि २८ यांची तुलना केली तर कळतं की अजून एकदा भाग जातो, सहाचे सात करायचे. तुलना न करता पुढचा ६ खाली घेतला की ३३६ होतात, त्यात २८ बारा वेळा, आणि उत्तर ६१२.

हे चुकीचं गणित सोडवून फळ्यावर लावलं. अंदाजाने कुणीतरी आधीच सांगितलं होतं: एकवीसशे भागिले तीस, सत्तरच्या आसपास. मग ती सोमवारची मुलगी हात वर करून म्हणाली, “साठ आणि बारा. बहात्तर.” तिला पायरीही सापडली, ३३ ची.

शिष्यवृत्तीच्या सरावप्रश्नांत २०४ च्या शेजारी २४ आणि २४० हे पर्याय हमखास दिसतात. प्रश्न काढणाऱ्यांनाही या वह्या चांगल्या माहीत आहेत.

काही मुलांना मात्र या चुकीच्या गणितांतून काहीच मिळालं नाही. त्यांची अडचण सहा सातं किती इथेच आहे. बरोबर गणित एकदाही पूर्ण न जमलेल्या मुलापुढे चुकीचं मांडलं, तर तो तेच पाठ करतो. आज एकाने ६१२ वहीत उतरवून घेतलं. त्यांचा भागाकार मी थांबवला आहे. सोमवारपासून त्यांना सहा ते नऊचे पाढे आणि नोटांची पेटी.