आबांच्या अंगणातली काडी

दिवाळीच्या सुट्टीत चोरखमाऱ्याला आमच्या अंगणात मी एक काडी सरळ उभी रोवली आणि दर तासाला तिच्या सावलीवर रेघ मारली. झालं घड्याळ! मे महिन्यात गेलो, तर दुपारी ३ ची सावली आपल्या रेघेपासून चांगलीच दूर पडलेली. आबा हसले, "तुह्या काडीचा सूर्य हुकला का रे?"

हुकली होती काडी. आकाशात सूर्य पृथ्वीच्या अक्षाभोवती तासाला १५ अंश फिरताना दिसतो. दिवाळीत ३ वाजता तो नैर्ऋत्येला असतो, मेअखेर जवळजवळ पश्चिमेला. म्हणून उभ्या काडीची सावलीही दिशा बदलते.

मग काडी अक्षाला समांतर केली : टोक ध्रुवताऱ्याकडे, जमिनीशी कोन गावाच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २१ अंश. आता सूर्य ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण सरकला, तरी ३ वाजता तो काडीतून जाणाऱ्या त्याच प्रतलात राहतो. सावली लांब-आखूड होते, पण रेघ सोडत नाही.

मनगटावरच्या घड्याळाशी काही मिनिटांचा फरक उरतोच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आमचं गाव ८० च्या आसपास. म्हणजे आमची दुपार सुमारे १० मिनिटं उशिरा. शिवाय वर्षभरात सूर्य स्वतःही थोडा मागे-पुढे होतो. आबांना ते चालतं.