घावांचे आकडे

संगणकावरील लढाईच्या खेळात घाव बसला की शत्रूच्या डोक्यावर एक आकडा उमटतो, किंचित वर तरंगतो आणि विरून जातो. हा आकडा शोभेसाठी नसतो. कोणते शस्त्र कोणावर चालते, हे खेळणाऱ्याला त्यावरूनच उमगते. शाळा सोडल्यावर काही वर्षांनी आम्ही तिघांनी युनिटी या प्रणालीत असा एक लहान खेळ रचला. त्यात तलवारीचा वार सेकंदाला एक, ४५ चा. आणि अग्निझोताचे घाव सेकंदाला दहा. साध्या शत्रूवर झोताचा प्रत्येक घाव ८ च्या आसपास बसे. दगडी राक्षसावर मात्र तो २ किंवा ३ इतकाच. म्हणजे राक्षसापुढे झोत टाकून तलवार उचलणे हेच शहाणपण होते.

परंतु खेळणारी मुले झोत सोडीनात. पडद्याजवळ जाऊन पाहिले तेव्हा कारण दिसले. पडद्यावरील `2` आणि `3` एकमेकांवर चढून `8` सारखे दिसत होते! खेळ खरे सांगत होता, पण ते वाचता येत नव्हते, आणि मुले हरत होती.

गणित साधे आहे. प्रत्येक आकडा ०.६ सेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात १६ पिक्सेल वर सरकतो. पुढचा आकडा ०.१ सेकंदाने त्याच जागी जन्मतो. तोवर पहिला जेमतेम पावणेतीन पिक्सेल वर गेलेला असतो. अक्षराची उंची मात्र २४ पिक्सेल. त्यामुळे एका वेळी सहा आकडे एकाच ठिगळात कोंबलेले राहतात. आकडे डावी-उजवीकडे वाटेल तसे विखुरण्याचा उपाय करून पाहिला. त्याने टक्कर कमी झाली, पण टळली नाही.

मग प्रत्येक आकड्याला रचनेतील क्रमांक दिला. जणू शत्रूच्या डोक्यावर फळ्यांची मांडणी आहे आणि नवा आकडा सर्वांत खालच्या रिकाम्या फळीवर बसतो :

```
slot = LowestFree(enemy);
y = headY + slot * 40;
```

येथे ४० ही संख्या अंदाजाने घेतलेली नाही. फळीवरचा आकडा स्वतःही १६ पिक्सेल वर सरकतो. वरच्या फळीवरचा उशिरा जन्मल्यामुळे अजून खालीच असतो. म्हणून दोन फळ्यांतील अंतर अक्षराची उंची अधिक एकूण सरकणे, २४ + १६, याहून कमी ठेवले तर खालचा आकडा वरच्याला गाठतो. फळ्या किती लागतील तेही याच हिशेबातून निघते : ०.६ भागिले ०.१, म्हणजे सहा.

येथे एक फसवी वाट आहे. ‘सध्या किती आकडे जिवंत आहेत’ ही मोजणीच क्रमांक म्हणून वापरावी, असे वाटते. समजा, ०, १, २ या फळ्या भरल्या आहेत. ० वरचा विरला, उरले दोन, नव्याला क्रमांक मिळाला २, आणि तेथे तर आधीच कोणी बसलेला! म्हणून मोजणी नव्हे, रिकामी जागा शोधावी लागते.

दुसरा प्रश्न संगणकाच्या दमाचा. बारा शत्रू एकदम जळू लागले की सेकंदाला १२० आकडे जन्मतात आणि तितकेच मरतात. मेलेल्यांनी अडवलेली स्मृती मोकळी करण्यासाठी युनिटीतील गार्बेज कलेक्टर मधेच कामाला लागतो, आणि जुन्या संगणकावर खेळ क्षणभर अडखळतो. यावर तोडगा म्हणजे पूल, अर्थात साठा. बारा गुणिले सहा, ७२ आकडे खेळ सुरू होतानाच तयार ठेवायचे. लागेल तसा एक उचलायचा, विरला की नष्ट न करता परत ठेवायचा.

साठ्यातला आकडा मात्र कोरा नसतो, मागच्या वापराच्या खुणा अंगावर घेऊन येतो. त्याची पारदर्शकता पूर्ववत केली नाही, तर विरलेला आकडा विरलेलाच बाहेर येतो आणि घाव बसूनही काही दिसत नाही. रंग पुसला नाही, तर जबर घावाचा लाल रंग साध्या घावाला चिकटतो. म्हणून उचलतानाच मजकूर, रंग, पारदर्शकता आणि घड्याळ ही चारही नव्याने भरावीत. परत ठेवताना फळीही मोकळी करावी; नाहीतर थोड्याच वेळात सहाही फळ्या कायमच्या अडून बसतात.

या रचनेला मर्यादा आहे. झोताच्या जोडीला तलवारही चालली की सातवा आकडा येतो आणि त्याला फळी उरत नाही. मांडणी आणखी उंच केली तर ती शत्रूपासून तुटून भलत्याच्याच डोक्यावर जाते. अशा वेळी नवा घाव, त्याच शस्त्राच्या सर्वांत ताज्या आकड्यात मिळवून बेरीज दाखवणे आम्हांला योग्य वाटले. तलवारीचा ४५ झोताच्या २ मध्ये मिसळला, तर पुन्हा तीच दिशाभूल.

यानंतर राक्षसाच्या डोक्यावर `2`, `3`, `2`, `2` अशी स्वच्छ उतरंड दिसू लागली. आम्ही कोणालाही काही सांगितले नाही. मुलांनी ती वाचली आणि तलवार उचलली.