निळी जीभ, निळी नखे आणि फिकट फसगत

डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावर फेरी मारून आलेल्या आजोबांची नखे निळसर दिसली, की घरचे घाबरतात. अशा वेळी प्रथम त्यांची जीभ पाहा, तीही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. जीभ गुलाबी असेल आणि हात गार असतील, तर ही बाह्य नीलता होय. थंडीने बोटांतील रक्त संथ वाहते व पेशी त्यातील प्राणवायू अधिक काढून घेतात. हात उबदार केले की रंग परततो. मात्र एकच बोट वा पाय अचानक निळा, गार पडून दुखू लागला, तर रक्तवाहिनी बंद झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा शेकत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

जीभ आणि ओठांची आतली बाजू निळी असेल, तर ती मध्यवर्ती नीलता. येथे हृदयातून निघणाऱ्या रक्तातच प्राणवायू कमी असतो. दोष बहुधा फुफ्फुसांत वा हृदयात असतो. हात गरम असूनही नखे निळी दिसतात. ही तातडीची अवस्था आहे.

आता फसगतीचा भाग. निळा रंग येतो तो प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमुळे. केशवाहिन्यांतील रक्तात ते दर १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम झाले, की डोळ्यांना निळेपणा जाणवतो. समजा, न्यूमोनियाच्या दोन रुग्णांचे ऑक्सिमीटर ८० टक्के दाखवते. एकाचे हिमोग्लोबिन १५ आहे. त्याच्या धमनीतच ३ ग्रॅम प्राणवायूविना असते. केशवाहिन्यांत आणखी सुमारे दोनची भर पडते आणि तो निळा दिसतो. दुसऱ्या, मूळव्याधीतून रक्त जाऊन अशक्त झालेल्या आजी. त्यांचे हिमोग्लोबिन ६. त्यांच्या धमनीत १.२ ग्रॅम, भर धरून जेमतेम तीन. त्या निळ्या दिसतच नाहीत, केवळ पांढऱ्याफटक दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तातील प्राणवायू पहिल्या रुग्णाच्या निम्म्याहूनही कमी असतो.

म्हणून रक्तक्षय असलेल्या माणसाबाबत ‘निळे नाहीत ना, मग ठीक’ असे म्हणू नका. ऑक्सिमीटरचाही अर्थ नीट समजून घ्या. असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेले आहे, एवढेच तो टक्क्यांत सांगतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे सांगत नाही. ९८ टक्के असूनही हिमोग्लोबिन ६ असलेल्या आजींना जिना चढताना धाप लागते, ती उगाच नव्हे. थंड बोटे किंवा नखांवरील रंग यांमुळेही आकडा चुकतो.

तेव्हा रंगावर विसंबू नका. पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. शांत बसूनही ते २५ च्या वर असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल, किंवा डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली नसताना आकडा ९० च्या खाली गेला असेल, तर रुग्णालयात न्या. तेथे पोहोचताच शेवटच्या रक्ततपासणीतील हिमोग्लोबिनचा आकडा आवर्जून सांगा.