वाटीभर उसळ आणि चोवीस ग्रॅमचा घोळ

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली : आकडे कमी ठेवा, वाचक पळतात. आहारतज्ज्ञाला आकडे कमी ठेवा म्हणणं म्हणजे शिंप्याला टेप न लावता ब्लाऊज शिवायला सांगणं. तरी प्रयत्न करते. एकाच डब्याबद्दल लिहिते, कारण तो डबा अजून डोक्यातून जात नाही.

तिसरीतली मुलगी. आठ वर्षांची, वजन साडेवीस किलो, गेल्या वर्षभरात जेमतेम किलोभर वाढलेलं. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासलं होतं, आजार काही नव्हता. आईनं माझ्यासमोर एक वही ठेवली. रोजच्या डब्याचं वजन, कॅलरी, प्रथिनं, सगळं तारीखवार आणि सुवाच्य. इतकं नीट काम माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीही करत नाहीत. त्या दिवशीच्या पानावर होतं : दोन पोळ्या, ७० ग्रॅम. मटकीची उसळ, ९० ग्रॅम. एकूण ५२० कॅलरी, २९ ग्रॅम प्रथिनं.

"मॅडम, एका डब्यात दिवसाच्या वर प्रथिनं जातायत. तरी पोरगी वाढत का नाही? पावडर सुरू करू का?"

तिचं पहिलं वाक्य कागदावर खरंच होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. डब्यानं त्यातला तिसरा हिस्सा उचलावा, निदान पाव तरी. म्हणजे सव्वाचारशे ते साडेपाचशे कॅलरी आणि सहा ते आठ ग्रॅम प्रथिनं. वहीवर विश्वास ठेवला तर हा डबा पैलवानाचा होता.

घोळ कुठे होता ते सांगते, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, त्याला इलाज नाही. तक्त्यात मटकीपुढे जो आकडा छापलेला असतो तो कोरड्या मटकीचा असतो, डब्यातून दुकानदार मोजून देतो तिचा. गोपालन यांच्या १९७१ च्या जुन्या पुस्तकात तो शंभर ग्रॅमला चोवीसच्या जवळ आहे, २०१७ च्या नव्या तक्त्यांत वीसच्या आसपास. या बाईंनी चोवीस घेतला आणि शिजलेल्या उसळीला लावला. पण मटकी भिजली, मोड आले की तिचं वजन दुप्पट होतं, आणि ते वाढलेलं वजन निव्वळ पाण्याचं असतं. "मोड आले की प्रथिनं वाढतात" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाढत नाहीत हो. मोड आले की 'क' जीवनसत्त्व तयार होतं, लोह शोषायला अडथळा करणारा फायटेट कमी होतो, पचायला सोपं जातं. पण दाण्यात जेवढी प्रथिनं होती तेवढीच राहतात. शंभर ग्रॅम मोडाच्या मटकीत तर कोरडीपेक्षा निम्मीसुद्धा भरत नाहीत, कारण त्यातलं अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचं.

सरकारला हे कळतं. शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरवलेली आहे, ती कच्ची मोजून. भात किती वाढला याचं वजन कुणी करत बसत नाही.

म्हणून बाईंना म्हटलं, उद्या वाटी नको मोजू, पातेलं मोज. रात्री भिजवताना मटकी १२० ग्रॅम होती. फोडणीला चार चमचे तेल, म्हणजे वीस ग्रॅम. उसळ झाली ४२० ग्रॅम. मुलीच्या वाट्याला ९० ग्रॅम, म्हणजे पातेल्याचा पाचवा हिस्सा, जरासा जास्तच. मग मटकीही तेवढीच आली : साधारण २६ ग्रॅम. तिच्यात प्रथिनं पाच. तेलाचा वाटाही चार ग्रॅमच्या वर निघतो आणि त्याच्या जवळजवळ चाळीस कॅलरी होतात. बाईंनी तेल वहीत धरलंच नव्हतं, "त्यात प्रथिनं नसतात म्हणून". पोळीचंही तसंच. तव्यावरून उतरलेली ३५ ग्रॅमची पोळी म्हणजे २५ ग्रॅम कणीक, बाकी पाणी.

सगळं पुन्हा मांडलं. दोन पोळ्या, त्यांना लावलेलं चमचाभर तेल आणि उसळ मिळून सव्वातीनशे कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिनं.

आता गंमत बघा. प्रथिनं एकोणतीसवरून दहावर आली तरी ती पुरेशी होती. शिवाय चांगल्या प्रतीची, कारण गव्हात लायसिन कमी असतं ते मटकी भरून काढते. कमी पडत होत्या त्या कॅलरी, ज्यांची काळजी बाईंना नव्हती. आणि पोटात इंधन कमी पडलं की शरीर खाल्लेली प्रथिनं जाळून वेळ मारून नेतं, मग अंग वाढायला उरत नाही. वर पावडर घातली तर तीही चुलीत जाते. हल्ली प्रत्येक आईला प्रथिनांची चिंता आहे, तुपाची भीती आहे, आणि आठ वर्षांचं पोर दोन्हींच्या मध्ये उपाशी.

तरी हिशेब पुरा झाला नव्हता. मी विचारलं, डबा परत येतो तेव्हा कोण मोजतं? कुणीच नाही. आठवडाभर उरलेलं मोजायला लावलं. बहुतेक दिवशी एक पोळी आणि चाळीसेक ग्रॅम उसळ परत. पोटात गेलं ते पावणेदोनशे कॅलरींच्या आतबाहेर. आणि मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं मला शांतपणे सांगितलं, "पोळी चावायला वेळ लागतो. आणि एकदा रस्सा गणिताच्या वहीवर सांडला, म्हणून मी हळू खाते." मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग.

मग बदल फार केले नाहीत. कणीक दुधात भिजवायची, म्हणजे पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. दोनऐवजी दीड पोळी, चमचाभर तूप लावून, आत रस्सा आटवलेली उसळ भरून गुंडाळी. सोबत शेंगदाण्या-गुळाचे दोन लहान लाडू, वीस वीस ग्रॅमचे. एका लाडवात नव्वद कॅलरी आणि जवळजवळ तीन ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तो दोन घासांत संपतो. सगळं मिळून सव्वाचारशेच्या वर जातं. घास कमी झाले, दमही कमी लागतो. तूप म्हटल्यावर बाईंचा चेहरा पडला होता. "सवय लागेल ना तिला?" लागू दे की, म्हटलं.

पावडर घेतली नाही. वही मात्र चालू आहे. आता तिच्यात एक नवा रकाना आहे, 'परत आलेलं'.

तीन महिन्यांनी मुलगी आली तेव्हा सातशे ग्रॅम वाढली होती. माझ्या हाताखालच्या मुली खूश, आई तर फारच. मी तेवढी नव्हते. मधले वीस दिवस ती आजोळी होती, कोल्हापूरला, आणि आजीनं तिथे काय काय खाऊ घातलं ते कुठल्याच वहीत नाही.