रेडमधली चॅटची चौकट

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मिथिक रेडमध्ये वीस जण एका बॉसवर तुटून पडतात. तेव्हा पडद्यावर इतका लखलखाट असतो की हीलरने लिहिलेलं ‘मॅना संपला’ वाचायचं राहूनच जातं. आज चॅटची चौकट नीट लावली. टॅबवर राइट-क्लिक करून `Font Size` 14 वरून 18 केला. पण अक्षर मोठं केलं की तेवढ्याच चौकटीत ओळी कमी मावतात आणि लूटच्या सूचना कामाचा निरोप वर ढकलतात. म्हणून `Create New Window` मधून वेगळी चौकट काढली आणि `Settings` मध्ये फक्त रेड नि पार्टीचे संदेश ठेवले. मला हे अक्षराच्या आकाराहूनही मोलाचं वाटतं.

मग `Background`. पूर्ण पारदर्शक चौकटीत रेडचा नारिंगी मजकूर आगीच्या ज्वाळांवर विरघळतो; अगदी गडद केली तर पायाखालचं आगीचं वर्तुळ झाकलं जातं. काळा रंग निम्म्याच्या आसपास गडद ठेवला, तेव्हा दोन्ही दिसू लागलं. फॉन्टचा प्रकार मात्र या मेनूत बदलत नाही, त्यासाठी अ‍ॅडऑन लागतो. चौकट आता माझ्या पात्राच्या डावीकडे, जराशी खाली आहे. वाचायला नजर फार लांब न्यावी लागत नाही.