आठचा रिबिट

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी दोनला, अकोल्यातल्या आमच्या दुकानासमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून मी बनवलेला कूलर उतरला. विकून आठ दिवसही झाले नव्हते. सोबत आलेल्या काकू फार शांतपणे बोलल्या. "चालते चांगला, पण रात्रभर पत्रा वाजते. घरात महिन्याचं लेकरू आहे. दोन रात्री कुणाचाच डोळा लागला नाही."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुकान बाबांचं आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फेब्रुवारीत बाबांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने मूठ आवळायची नाही असं सांगितलं. कूलर बनवणाऱ्या माणसाला ऐन सीझनमध्ये हे सांगणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसाला वेगळं समजवायला नको. मी घरून काम करायची परवानगी घेतली, सकाळी लवकर आणि रात्री लॅपटॉप, मधल्या वेळात दुकान. पत्रा कापायला आणि मोडायला कारागीर होता. रिबिट मारायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते सगळ्यात सोपं दिसतं. भोक पाडायचं, रिबिट घालायचा, गन दाबायची, टक. तोपर्यंत मी असे सहा कूलर जोडून पाठवले होते.

पॉप रिबिट तुम्ही पाहिलेला असतो, फक्त लक्ष दिलेलं नसतं. बसच्या आतल्या पत्र्यावर, सोसायटीच्या पत्रपेट्यांवर, दुकानाच्या बोर्डावर ती छोटी गोल बटणं असतात ना, तेच. बाहेरून एक पोकळ नळी, तिला एका टोकाला चपटी टोपी. नळीतून एक खिळा आरपार गेलेला असतो आणि पलीकडच्या टोकाला त्या खिळ्याचं डोकं नळीपेक्षा थोडं जाड असतं. गन खिळा मागे ओढते. ते जाड डोकं नळीचं पलीकडचं टोक चेपत अलीकडे येतं, नळी फुगते, पत्रे टोपी आणि फुगवटा यांच्यामध्ये आवळले जातात. मग ठरावीक जोर आला की खिळा आपल्या मुद्दाम बारीक ठेवलेल्या मानेशी तुटतो. तो "टक" म्हणजे खिळा तुटल्याचा आवाज. जोड घट्ट बसला की नाही, याची खात्री तो आवाज देत नाही. मला हेच माहीत नव्हतं. मी सहा कूलर आवाजावर विश्वास ठेवून जोडले होते.

बाबांनी कूलरच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि हलकेच ढकलला. मग एका रिबिटच्या टोपीवर अंगठा ठेवून फिरवला. तो फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याच्या टोपीखाली त्यांनी बिलाचा कागद सरकवला, कागद आत गेला.

"कितीचा रिबिट मारला?"

"तीन पॉइंट दोनचा. आठ लांबीचा."

"आठ काहून?"

मी हिशेब सांगितला. नियम मी नेटवर वाचला होता. जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी घ्या, त्यात रिबिटच्या व्यासाची दीडपट मिळवा, ती लांबी. कूलरच्या बाजूचा पत्रा २२ गेजचा, साधारण ०.७ मिलिमीटर. कोपऱ्याचा खांब १८ गेजचा पत्रा मोडून केलेला, तो १.२. एकूण १.९. व्यासाची दीडपट ४.८. बेरीज ६.७. दुकानात सहाचे होते आणि आठचे होते. सहा कमी पडणार, म्हणून वरचा आकडा घेतला. माझ्या कामात सर्व्हरची क्षमता काढताना उत्तर ६.७ आलं की आम्ही डोळे मिटून वरच जातो. जास्त असलेलं कधी कुणाला नडत नाही.

रिबिटमध्ये जास्त असलेलं नडतं. बाबांनी डबा माझ्या हातात दिला. "यावर लेहेलं हाये ते वाच."

आठच्या डब्यावर ग्रिप रेंज होती ३.५ ते ५. म्हणजे ३.५ ते ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांसाठी. सहाच्या डब्यावर १.५ ते ३.५. माझे पत्रे १.९ चे. उत्तर सहा होतं, ते डब्यावर छापलेलं होतं, आणि मी महिनाभर त्याच डब्यातून मूठमूठ रिबिट काढत होतो.

नळी जास्त लांब असली तर काय होतं, ते त्यांनी कूलरच्या आत मोबाइलचा टॉर्च मारून दाखवलं. पत्र्याच्या मागे नळीचं बरंच टोक बाहेर राहिलेलं. फुगवटा आला होता, पण तो पत्र्याला टेकून नव्हता, पुढे कुठेतरी अधांतरी होता. सगळी जादा नळी चेपून पत्र्यापर्यंत यायच्या आधीच खिळ्याच्या मानेने जीव सोडला होता. टक आवाज आला, टोपी बाहेरून छान दिसली, आणि पत्रे एकमेकांवर सैल राहिले. पंखा सुरू झाला की ते एकमेकांवर आपटत होते. उलट चूक, म्हणजे आखूड रिबिट, निदान लवकर पकडली जाते. तिथे पलीकडे फुगायला नळीच उरत नाही, आणि जोर लावला की रिबिट भोकातून निसटून बाहेर येतो.

जाडी अधिक दीडपट हा नियम खोटा नाही, पण ढोबळ आहे, आणि आमच्यासारख्या पातळ पत्र्यात तो लांब उत्तर देतो. त्यावरून अंदाज घ्यायचा, आणि शेवटचा शब्द डब्यावरच्या ग्रिप रेंजचा.

मला वाटलं चूक सापडली. बाबा म्हणाले, "आता बिट दाखव."

मी ऑनलाइन मागवलेल्या सेटमधला बिट दाखवला. तो सेट अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने चढत जाणारा. तीनमध्ये रिबिट जात नाही, म्हणून ३.५ लावला होता. रिबिट कसा सहज जायचा, मला ते चांगलंच लक्षण वाटायचं.

३.२ च्या रिबिटला भोक ३.३ चं हवं. ४ ला ४.१, ४.८ ला ४.९. म्हणजे फक्त ०.१ ची मोकळीक, आणि तो ३.३ चा बिट सुटा विकत आणावा लागतो. भोक मोठं असलं की नळी आधी ती रिकामी जागा भरायला फुगते, रिबिट तिरका बसतो, आणि आवळण्याचा जोर तिथेच खर्च होतो. त्यात हातातल्या ड्रिलने पातळ पत्र्यात पाडलेलं भोक गोल नसतंच. बिटाचं टोक पत्रा भेदून पलीकडे जातं तेव्हा त्याची पूर्ण रुंदी अजून पत्र्यात शिरलेलीही नसते. त्यामुळे बिटाला मधोमध धरून ठेवायला काही उरत नाही, तो हेलकावे खातो आणि भोक तिकोनी होतं. बाबांनी व्हर्नियर लावलं. माझी काही भोकं एका बाजूने ३.८ भरली.

त्या दुपारी आम्ही तो कूलर पूर्ण उकलला. छत्तीस रिबिट. काढताना आधी बारीक पंचाने आत अडकलेला खिळ्याचा तुकडा ठोकून मागे पाडायचा. मग टोपीच्या मधल्या खळग्यात बिट टेकवून हळूहळू चालवायचं, टोपी सुटून बिटावर अंगठीसारखी चढते. पण सैल रिबिट बिटासोबतच गरगर फिरतो, कापला जात नाही. माझे बहुतेक असेच होते. बाबा डाव्या हाताने टोपीखाली स्क्रू-ड्रायव्हरचं पातं दाबून धरत, मग मी ड्रिल चालवे. आत पडलेले तुकडे नंतर ब्रशने झाडून काढले, नाहीतर ते टाकीत गंजतात आणि पंपात अडकतात.

मोठी झालेली भोकं पुन्हा लहान होत नाहीत. म्हणून एक पायरी वर गेलो. व्यास ४ चा रिबिट, भोक ४.१ चं, म्हणजे ३.८ चं वेडंवाकडं भोक त्यात साफ गिळलं गेलं. लांबी? नियमाने १.९ अधिक ६, म्हणजे ७.९. आठ म्हणायला जीभ वळवळली, पण आधी डबे वाचले. चारच्या व्यासात आठ लांबीला रेंज ३ ते ५ होती, सहाला १ ते ३. सहा.

या वेळी पत्रा आणि खांब क्लँपने आवळले, मागे लाकडाचा ठोकळा धरला, म्हणजे बिटाला शेवटपर्यंत टेकायला जागा मिळते आणि भोक गोल पडतं. दोन्ही पत्रे एकत्रच छेदले. मग पुन्हा वेगळे केले आणि ८ चा मोठा बिट नुसत्या बोटांत धरून प्रत्येक भोकावर दोन वळसे दिले. भोकाच्या काठाला उभी राहिलेली धातूची कड त्याने निघते. ती तशीच ठेवली तर दोन पत्र्यांमध्ये फट राहते, नळी त्या फटीत फुगते आणि पुन्हा तोच सैलपणा. मी हे कधीच केलं नव्हतं, वेळ वाचवत होतो.

गनचं नोझल चारच्या खिळ्याचं लावलं. आधी चारही कोपरे मारले, म्हणजे बाकीची भोकं समोरासमोर राहतात, मग मधले. दर वेळी गन पत्र्यावर दाबून धरायची, टोपी पूर्ण टेकली की मगच ओढायचं. प्रत्येक रिबिट मारल्यावर बाबा तीनच गोष्टी बघत होते. अंगठ्याने फिरतो का, टोपीखाली कागद जातो का, आणि मागचा फुगवटा पत्र्याला चिकटून बसलाय का. रात्री आठला पंखा लावला. नुसता वाऱ्याचा आवाज.

मग बाबांनी बिलबुक काढलं. "बाकीचे पाच कुठं गेले?"

तक्रार एकाचीच आली होती. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "बाकीच्यायले वाटत असंन, कूलर वाजतेच."

पुढच्या चार दिवसांत, दुपारच्या मीटिंगा सकाळी सरकवून, मी गन, बिट आणि सहाच्या रिबिटांचा डबा घेऊन चार घरी गेलो. एका घरी पत्रा आणि खांबाच्या मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे खोचलेले होते. आवाज बंद करायला त्यांनीच उपाय शोधला होता. दुसऱ्या घरच्या आजोबांनी मला चहा दिला आणि कंपनीतून आलात का विचारलं. मी हो म्हणालो.

पाचवा कूलर रोखीने गेला होता. बिलावर नंबर नाही, नुसतं मूर्तिजापूर लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. त्यात ३.५ च्या भोकांत बसवलेले आठचे छत्तीस रिबिट आहेत, आणि या क्षणी कुणाच्या तरी उशाशी तो वाजतो आहे.